‘सर’ नेमकी कोणती? अनेकार्थी आणि सारख्या उच्चाराचे शब्द वाक्यावरून कसे ओळखायचे

अनेकार्थी शब्दांवरच्या प्रश्नात पर्याय चुकीचे नसतात, हीच त्यातली खरी अडचण आहे. ‘पक्ष’ या शब्दाखाली पंख, पंधरवडा, राजकीय गट आणि वादातली बाजू असे चार पर्याय दिले, तर चारही अर्थ शब्दकोशात सापडतात. यादी पाठ केलेल्या उमेदवाराला चारही ओळखीचे वाटतात आणि तो सगळ्यांत आधी आठवलेल्या अर्थावर खूण करून पुढे जातो. यादी लागतेच, त्याला इलाज नाही. पण यादी फक्त शक्यता सांगते. त्यांतली एक कोणती, हे प्रश्नातले वाक्यच ठरवते, आणि मराठी वाक्य ते बहुतेक वेळा व्याकरणातूनच सांगून मोकळे होते. तलाठी किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेत मराठीच्या अशा प्रश्नांवर गुण जातात ते बहुधा अर्थ माहीत नसल्यामुळे नाही, तर वाक्यातली ही खूण न पाहिल्यामुळे.

आधी पर्याय झाका आणि शब्दाचे लिंग काढा

मराठीतल्या पुष्कळ अनेकार्थी शब्दांचे अर्थ लिंगाने वेगळे झालेले आहेत. ती मान म्हणजे शरीराचा भाग, तो मान म्हणजे प्रतिष्ठा. तो हार गळ्यात घालतात, ती हार म्हणजे पराभव. ती वात दिव्यात असते, तो वात शरीरात वाढतो. ती माळ फुलांची किंवा मण्यांची, तो माळ म्हणजे उघडी, ओसाड जमीन. ती वाणी म्हणजे बोलणे, तो वाणी म्हणजे किराणा विकणारा. ते तीर नदीचे, तो तीर धनुष्यातून सुटणारा.

म्हणून पहिले काम हे: पर्यायांकडे न पाहता वाक्य वाचा आणि त्या शब्दाला जोडलेले विशेषण, ‘चा-ची-चे’ लागलेला शब्द आणि क्रियापद शोधा. ‘मोठा मान’ असेल तर मान शरीराची नाही. ‘त्याने मान हलवली’ असेल तर क्रियापदच सांगते की मान स्त्रीलिंगी आहे. ‘आमची हार झाली’ आणि ‘आमचा हार सुकला’ यांत अर्थाचा विचार करण्याआधीच उत्तर हातात येते.

ही पायरी किती कामाची आहे ते एका प्रश्नावर पाहू. ‘पुढीलपैकी कोणत्या वाक्यात पाठ हा शब्द वेगळ्या अर्थाने आला आहे?’

1) आईने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.
2) संकटांनी त्याची पाठ सोडली नाही.
3) आज शिक्षकांनी नवा पाठ सुरू केला.
4) शत्रूने रणांगणात पाठ दाखवली.

दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यात वाक्प्रचार आहेत. त्यामुळे अर्थाच्या अंगाने गेलो तर गोंधळ होतो: संकटे कोणाची पाठ कशी सोडणार, मग हाच वेगळा अर्थ का? लिंगाच्या अंगाने गेलो तर दोन क्षणांत निकाल लागतो. ‘पाठीवरून’ स्त्रीलिंगी, ‘त्याची पाठ सोडली’ स्त्रीलिंगी, ‘पाठ दाखवली’ स्त्रीलिंगी. ‘नवा पाठ’ एकटाच पुल्लिंगी. उत्तर 3. वाक्प्रचारात शरीराचा अवयव लाक्षणिक अर्थाने येतो, पण त्याचे लिंग बदलत नाही, म्हणून ही कसोटी तिथेही टिकते.

इथे एक चूक वारंवार होते आणि ती हुशार मुलांकडूनच होते. ती लिंग तपासतात, पण पर्यायाचे. ‘त्याला सभेत मोठा मान मिळाला’ या वाक्यासाठी ‘प्रतिष्ठा’ हा पर्याय असतो. ‘मोठा प्रतिष्ठा’ कानाला खटकते म्हणून तो पर्याय सोडून दिला जातो. लिंग तपासायचे ते प्रश्नातल्या शब्दाचे. पर्यायातला शब्द कोणत्याही लिंगाचा असू शकतो. तो वाक्यात घालून पाहताना विशेषण आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलून घ्यायचे: ‘मोठी प्रतिष्ठा मिळाली’. मग अर्थ बसतो की नाही ते बघायचे.

बाग, मजा, ढेकर असे काही शब्द दोन लिंगांत वापरले जातात आणि अर्थ तोच राहतो. ‘माझा बाग’ आणि ‘माझी बाग’ यांत फरक शोधत बसू नये. म्हणून ही कसोटी लावायची ती ज्या शब्दाचे अर्थ मुळातच लिंगागणिक वेगळे आहेत त्यांनाच.

प्रत्यय लागला असेल तर सामान्यरूप पाहा

शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की पुष्कळदा क्रियापद त्याच्याप्रमाणे चालत नाही. ‘त्याने मानेला पट्टा लावला’ यात ‘लावला’ पट्ट्याप्रमाणे आहे, मानेप्रमाणे नाही. पण काळजी नाही, कारण लिंग आता शब्दाच्या पोटात दिसते. स्त्रीलिंगी मान ‘मानेला’ होते, पुल्लिंगी मान ‘मानाने’ होतो. माळेत मणी ओवतात, माळावर गुरे चरतात. पाठीवर ओझे घेतात, पाठाखाली प्रश्न असतात. वाणीने माणसे जोडली जातात, वाण्याकडून सामान येते. वातीला तेल लागते, वाताला औषध.

‘वेळ’ या शब्दात हा फरक फार बारीक आहे आणि म्हणूनच विचारण्यासारखा आहे. ‘तो वेळेत पोहोचला’ म्हणजे ठरलेल्या क्षणाच्या आत. ‘तो थोड्या वेळात पोहोचला’ म्हणजे थोडा कालावधी गेल्यावर. पहिल्यात वेळ म्हणजे नेमका क्षण, दुसऱ्यात वेळ म्हणजे काळाचा तुकडा. मराठी माणूस बोलताना हे कधीच चुकत नाही. परीक्षेत चुकतो, कारण तिथे तो वाक्य मनातल्या मनात सुद्धा बोलून पाहत नाही. एवढी एक गोष्ट करा: वाक्य ओठ हलवून, पूर्ण वाचा.

लिंग एकच असेल तर शेजारी बघा

काही शब्द इथे मदत करत नाहीत. ‘कर’ म्हणजे हात, किरण किंवा सरकारला द्यायची रक्कम, तिन्ही पुल्लिंगी. ‘अंक’ म्हणजे आकडा, मांडी किंवा नाटकाचा भाग, तिन्ही पुल्लिंगी. ‘पात्र’ म्हणजे भांडे, नदीचा तळ किंवा नाटकातली व्यक्ती, तिन्ही नपुंसकलिंगी. अशा वेळी शब्द कोणत्या क्रियापदाच्या आणि कोणत्या नामाच्या सोबतीने आला आहे ते पाहायचे. कर जोडले जातात तेव्हा हात, भरला किंवा लादला जातो तेव्हा सारा, पसरतात किंवा फाकतात आणि जवळपास रवी, शशी, भास्कर असा कोणी असतो तेव्हा किरण. पात्र घासले जाते, दुथडी भरून वाहते किंवा रंगवले जाते. ‘तो या पदाला पात्र आहे’ यात मात्र पात्र नामच नाही, विशेषण आहे, आणि अर्थ ‘योग्य’. शब्दाची जात बदलली की अर्थ बदलतो, हेही याच पायरीवर लक्षात येते. ‘जलद’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण: ‘जलद गाडी’ मध्ये विशेषण, ‘जलद चाल’ असे कोणी सांगितले तर क्रियाविशेषण, आणि ‘नभी जलद दाटले’ मध्ये ते नाम आहे, म्हणजे ढग.

आता या तीन पायऱ्या एका अवघड प्रश्नावर एकत्र वापरू.

‘कितीही महागडे दागिने घातले तरी या साध्या मोत्यांच्या माळेची सर त्यांना येणार नाही.’ यातल्या ‘सर’ या शब्दाचा अर्थ: 1) पावसाची झड 2) मोत्यांचा पदर 3) बरोबरी 4) विजय.

प्रश्न काढणाऱ्याने वाक्यात मोती आणि माळ मुद्दाम ठेवले आहेत. ‘मोत्यांचा सर’ हा खरोखरचा, बरोबर अर्थ आहे आणि घाईत डोळा दुसऱ्या पर्यायावर जातो. आधी लिंग काढू. ‘माळेची सर’ असे आहे, म्हणजे सर इथे स्त्रीलिंगी. मोत्यांचा सर पुल्लिंगी असतो, तो दोन पदरी, तीन पदरी हारातला एक पदर. दुसरा पर्याय गेला. चौथा पर्याय ‘सर करणे’, ‘सर होणे’ यांतूनच येतो: किल्ला सर केला, शिखर सर झाले. इथे क्रियापद ‘येणे’ आहे, तो गेला.

उरले पहिला आणि तिसरा, आणि इथे लिंग थांबते, कारण पावसाची सरही स्त्रीलिंगी आणि तीही ‘येते’च. मग विभक्ती बघायची. पावसाची सर येते तेव्हा वाक्य ‘एक सर आली’ एवढ्यावर पुरे होते. ती कोणाला येत नाही. आपल्या वाक्यात ‘माळेची’ आणि ‘त्यांना’ अशी दोन माणसे हजर आहेत, म्हणजे रचना ‘अमक्याची सर तमक्याला येणे’ अशी आहे. ही रचना फक्त तुलनेची असते. उत्तर 3.

शेवटी पर्याय वाक्यात ठेवून पाहिला तर ‘माळेची बरोबरी त्यांना येणार नाही’ असे अडखळते. यावरून उत्तर चुकले असे समजू नये. अर्थ वाक्प्रचारात असला तर एकटा शब्द उचलून बदलता येत नाही, क्रियापदासकट बदलावा लागतो: ‘त्यांना या माळेची बरोबरी करता येणार नाही’. आता वाक्य सरळ चालले. शब्दाच्या जागी शब्द ठेवून पाहण्याची युक्ती सगळीकडे शिकवली जाते, पण ती वाक्प्रचारात फसते, हे क्वचितच कोणी सांगते.

ऱ्हस्व-दीर्घाने बदलणारे शब्द

सारख्या उच्चाराच्या शब्दांत सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या जोड्या या: दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर, सुर-सूर, पिक-पीक, चिर-चीर. त्या सुट्या सुट्या पाठ केल्या की परीक्षेत उलटसुलट होतात. त्यामागचा शुद्धलेखनाचा नियम कळला तर निम्म्या जोड्या पाठ कराव्याच लागत नाहीत.

नियम असा की मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा: वीट, खीर, तूप, सूत, पीक. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र संस्कृतात असतील तसेच ठेवायचे: गुण, विष, मंदिर. आता जोड्यांकडे पुन्हा बघा. ज्यात ऱ्हस्व आहे तो शब्द संस्कृतच असणार, आणि म्हणून त्याचा अर्थ घरगुती नसून ग्रंथातला: सुत म्हणजे मुलगा, शिर म्हणजे डोके, सुर म्हणजे देव, पिक म्हणजे कोकीळ, दिन म्हणजे दिवस. रोजच्या बोलण्यातला अर्थ दीर्घाकडे: सूत म्हणजे धागा, शीर म्हणजे रक्तवाहिनी, सूर म्हणजे स्वर, पीक म्हणजे शेतातले धान्य. आठवत नसेल तेव्हा एवढेच विचारायचे, यांतला कवितेतला, पोथीतला अर्थ कोणता? तो ऱ्हस्वाचा.

उलटे मात्र गृहीत धरू नका. दीर्घ असला म्हणजे शब्द मराठी असे होत नाही, कारण संस्कृतातही दीर्घ शब्द आहेत. दीन म्हणजे गरीब, हा संस्कृतच. चीर म्हणजे वस्त्र, तोही संस्कृत, ‘चीरहरण’ त्याच्यावरून. (भिंतीला पडते ती चीर मराठी आणि स्त्रीलिंगी.) आणि सूत म्हणजे सारथी हाही संस्कृत, म्हणून कर्णाला ‘सूतपुत्र’ म्हणतात ते दीर्घ ‘सू’ने. तिथे ‘सुतपुत्र’ लिहिले तर मुलाचा मुलगा होतो.

खरा सापळा पुढे आहे. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: पीक-पिकाला, सूत-सुताचा, सूर-सुरांत, शीर-शिरेत. म्हणजे प्रत्ययासह आलेल्या शब्दात ऱ्हस्व दिसला तरी तो मूळचा ऱ्हस्व आहे असे म्हणता येत नाही. ही दोन वाक्ये पाहा:

‘सुरांनी अमृत प्राशन केले.’
‘सुरांनी सभागृह भारून गेले.’

लिखाण अक्षरशः एकच. पहिला शब्द ‘सुर’ आणि दुसरा ‘सूर’. इथे ऱ्हस्व पाहून ‘देव’ निवडणारा दुसऱ्या वाक्यात चुकतो. तसेच ‘सुताने पित्याची आज्ञा पाळली’ आणि ‘सुतावरून स्वर्ग गाठला’. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची कसोटी फक्त प्रत्यय नसलेल्या शब्दाला लावायची. प्रत्यय असेल तर पुन्हा मागच्या पायरीवर जायचे आणि अमृत, पिता, सभागृह असे सोबतचे शब्द पाहायचे. संस्कृत शब्दांत हा बदल होत नाही, त्यामुळे दिन-दीन ही जोडी प्रत्ययानंतरही वेगळीच राहते: दिनाचा आणि दीनांचा. शिर-शीर मध्ये लिंग पुन्हा मदतीला येते: शिरावर मुकुट, शिरेत सुई.

‘पाणि’ आणि ‘पाणी’ या जोडीबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. परीक्षेच्या पुस्तकांत ‘पाणि म्हणजे हात’ असे ऱ्हस्व छापलेले असते आणि उत्तर देताना तेच धरायचे. पण मराठीच्या नियमाने संस्कृतातला शेवटचा इकारसुद्धा सुट्या शब्दात दीर्घच लिहिला जातो, जसे कवी, गती, बुद्धी. ऱ्हस्व ‘पाणि’ टिकतो तो समासाच्या सुरुवातीला, म्हणजे ‘पाणिग्रहण’ सारख्या शब्दात. त्यामुळे ‘चक्रपाणी’ असे दीर्घ दिसले तर पाण्याकडे जाऊ नका. हातात चक्र असलेला तो चक्रपाणी.

एका अक्षराने बदलणारे संस्कृत शब्द

जलद, जलज आणि जलधी यांतला कोणता ढग आणि कोणता समुद्र, हा गोंधळ कायमचा मिटवता येतो. शेवटचे अक्षर वाचा. ‘द’ म्हणजे देणारा, ‘ज’ म्हणजे जन्मलेले, ‘धी’ (मूळ ‘धि’) म्हणजे साठवणारा. पाणी देणारा तो ढग, पाण्यात जन्मलेले ते कमळ, पाणी साठवणारा तो समुद्र. आता पाण्याचे कोणतेही नाव पुढे लावा: नीरद, अंबुद, वारिद, पयोद हे सगळे ढग. नीरज, अंबुज, वारिज ही सगळी कमळे. अंबुधी, वारिधी, पयोधी हे सगळे समुद्र. तीन अक्षरे लक्षात ठेवली की डझनभर शब्द लक्षात ठेवावे लागत नाहीत. हाच ‘ज’ द्विज या शब्दात आहे: दोनदा जन्मलेला. पक्षी आधी अंड्याच्या रूपाने आणि मग त्यातून बाहेर येऊन, दात दुधाचे पडून पुन्हा, आणि ब्राह्मण मुंजीच्या संस्काराने. ‘द्विज या शब्दाचा अर्थ नसलेला पर्याय ओळखा’ असा प्रश्न आला तर ‘दोनदा जन्म’ कोणाला लागू पडत नाही तेवढे पाहिले की झाले.

रिकाम्या जागा भरताना

अपेक्षा-उपेक्षा, परिणाम-परिमाण, ग्रह-गृह अशा जोड्या बहुधा रिकाम्या जागांत येतात. इथे रिकाम्या जागेच्या आधीचा प्रत्यय वाचायचा. ‘त्याने भावाकडून मदतीची ____ केली, पण भावाने त्याची ____ केली.’ दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आणि दोन्हींचे क्रियापद ‘करणे’च. पण अपेक्षा कोणाकडून तरी असते आणि ती एखाद्या गोष्टीची असते, उपेक्षा माणसाची होते. ‘भावाकडून मदतीची’ म्हणजे पहिली जागा अपेक्षेची, ‘त्याची’ म्हणजे दुसरी उपेक्षेची. परिणाम कशावर तरी होतो आणि तो पुल्लिंगी. परिमाण कशाचे तरी असते आणि ते नपुंसकलिंगी: ‘झोपेचा आरोग्यावर परिणाम होतो’, ‘मीटर हे लांबीचे परिमाण आहे’. गृह ते, ग्रह तो. शिवाय ‘माझा असा ग्रह झाला’ मध्ये ग्रह म्हणजे समज, आकाशातला गोल नव्हे. म्हणजे सारख्या उच्चाराचा शब्दच पुन्हा अनेकार्थी निघतो आणि चारपैकी दोन पर्याय त्याचेच असू शकतात.

वही कशी ठेवावी

‘सर = झड, पदर, बरोबरी, जिंकणे’ अशी ओळ लिहून उपयोग होत नाही, कारण त्यात वाक्य ओळखायला लागणारे काहीच नाही. त्याऐवजी प्रत्येक अर्थापुढे लिंग आणि सोबतीचे शब्द लिहा. ती सर, पावसाची, सरीवर सरी. तो सर, मोत्यांचा. ती सर, अमक्याची तमक्याला येते. सर करणे, गड किंवा शिखर. एका शब्दाला चार ओळी लागतात, पण परीक्षेत वाक्य समोर आले की त्यातली एक ओळ आपोआप जुळते. ज्या शब्दाचे सगळे अर्थ एकाच लिंगाचे आहेत, जसे कर, अंक, पात्र, त्यांच्यापुढे खूण करून ठेवा आणि त्यांची क्रियापदे जास्त लिहा, कारण तिथे दुसरा आधार नाही.

आणि सगळे करूनही दोन पर्याय उरले, तर ते दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत वापरून बघा, प्रश्नातल्या नव्हे, तुम्ही बनवलेल्या. ‘तट’ साठी ‘किनारा’ आणि ‘किल्ल्याची भिंत’ उरले असतील तर ‘तटावर लाटा आदळल्या’ आणि ‘तटावर पहारेकरी उभा होता’ अशी दोन वाक्ये मनात मांडा, मग प्रश्नातले वाक्य वाचा. ‘मावळ्यांनी दोर लावून तट ओलांडला’ हे त्यांपैकी कोणाच्या शेजारी बसते, ते लगेच दिसते.